ड्राफ्टमधला रागाचा मेल पाठवण्याजोगा कसा करायचा

प्रश्न: मी भोसरीतल्या एका लहान कंपनीत अकाउंट्स बघते. नाशिक डेपोकडून विक्रीची यादी दर महिन्याच्या ५ तारखेला यायचं ठरलं आहे. जूनची यादी ९ जुलैला आली, जुलैची १० ऑगस्टला आणि ऑगस्टची १० सप्टेंबरला संध्याकाळी. या वेळी महिन्याच्या अखेरची दोन बिलं यादीत नव्हतीच. ग्राहकाने जीएसटीचे २७,००० रुपये अडवले आणि साहेब मला सगळ्यांसमोर बोलले. रात्री डेपोच्या सहकाऱ्यांसाठी मेल लिहिला, तो ड्राफ्टमध्ये आहे: "दादा, तुम्हाला दर वेळी सांगून सांगून मी थकले. तुमच्या बेजबाबदारपणामुळे साहेबांसमोर माझी शोभा झाली. तुम्ही डेपोत बसून काय करता तेच कळत नाही. ५ तारीख म्हणजे ५ तारीख, हे लहान मुलालाही कळतं. बिलं मुद्दाम वगळलीत की काय? तुमच्या चुकांची शिक्षा मी का भोगायची? हे शेवटचं सांगणं, यापुढे थेट साहेबांना कळवीन." आहे तसा पाठवला तर भांडण होईल, मऊ करायला गेले तर मुद्दाच उरत नाही. काय करू?

उत्तर:

आधी त्या ड्राफ्टमधून दादांचा पत्ता पुसून टाका. पत्ता नसला की चुकून बटण दाबलं तरी मेल जात नाही. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात, तेही सेटिंगमध्ये जाऊन वेळ वाढवून ठेवली असेल तर. आउटलुकच्या रिकॉलवरही विसंबू नका, तुम्ही मागे घेईपर्यंत समोरच्याने मेल वाचलेला असू शकतो. मजकूर मात्र ठेवा. त्यातूनच नवा मेल काढायचा आहे.

आता तो मेल दादांच्या जागी बसून वाचा. कोणती दोन बिलं राहिली, ते त्यात नाही. कोणत्या ग्राहकाचे किती पैसे अडकले, ते नाही. दादांनी नेमकं काय करायचं, तेही नाही. सात वाक्यांत पडताळून बघता येईल अशी गोष्ट एकच आहे, ५ तारीख. बाकी सगळं दादा कसे आहेत याबद्दल आहे. म्हणून हा मेल मऊ करायला गेलात की हातात काही उरत नाही. त्यातला राग काढला की खाली मुद्दा असायला हवा, पण तो मुळात लिहिलेलाच नाही. तुमच्या डोक्यात तो इतका स्पष्ट आहे की मेलमध्ये उतरला असेल असं तुम्हाला वाटतं.

असा मेल गेला की काय होतं, हे मी बऱ्याच कचेऱ्यांत पाहिलं आहे. वाचणारा सगळ्यात सोप्या वाक्याला उत्तर देतो. इथे ते वाक्य आहे "तुम्ही डेपोत बसून काय करता." दादा लिहितील की सकाळी आठपासून गाड्या भरायला उभा असतो, ऑफिसात बसून तुम्हाला काय कळणार. ते खरंही असेल. मग चार दिवस त्यावरच मेल फिरतील, साहेब सीसीमध्ये येतील आणि पुढच्या महिन्याची यादी पुन्हा १० तारखेलाच येईल.

एक कागद घ्या आणि मेलमधलं एकेक वाक्य त्यावर उतरवा. प्रत्येक वाक्यापुढे लिहा की यामागे घडलेली गोष्ट कोणती. "दर वेळी सांगून सांगून": यामागे तीन तारखा आहेत, ९ जुलै, १० ऑगस्ट, १० सप्टेंबर. त्या लिहा आणि 'दर वेळी' खोडा. 'दर वेळी' म्हटलं की समोरचा एप्रिलची यादी वेळेवर दिली होती हे शोधून काढतो आणि तेवढ्यावर तुमचं सगळं म्हणणं खोटं ठरवतो. तीन तारखांना असं उत्तर देता येत नाही, त्या दोघांच्याही मेलबॉक्समध्ये आहेत.

"बेजबाबदारपणामुळे माझी शोभा झाली": घडलेली गोष्ट म्हणजे १४७ आणि १४८ नंबरची बिलं रिटर्नमध्ये गेली नाहीत आणि २७,००० रुपये अडकले (नंबर मी उदाहरणादाखल घेतले आहेत, तुमचे खरे घाला). साहेब बोलले हे खरं, पण तो तुमचा आणि साहेबांचा मामला आहे. दादांना त्याबद्दल काही करता येणार नाही. बिलांबद्दल करता येईल.

"मुद्दाम वगळलीत की काय": हे तुम्हाला माहीत नाही. समोरच्याच्या मनात काय होतं ते लिहिणारं प्रत्येक वाक्य खोडा, बरोबर असण्याची शक्यता असली तरी खोडा, कारण ते सिद्ध करता येत नाही आणि नाकारणं मात्र सोपं असतं. त्याच्या जागी प्रश्न येतो: ही दोन बिलं यादीतून कशी राहिली? महिनाअखेरची बिलं राहतात तेव्हा बहुतेक वेळा यादी महिना संपायच्या आधीच काढलेली असते आणि नंतर झालेली बिलं तिच्यात घातली जात नाहीत. दादांच्या बाबतीत असंच झालं असेल, तर ही खोड एका सूचनेने सुटू शकते. पण ते विचारल्याशिवाय कळणार नाही.

"लहान मुलालाही कळतं" आणि "शिक्षा मी का भोगायची" यामागे घडलेलं काहीच नाही. ती वाक्यं कागदावरच राहू द्या.

"यापुढे थेट साहेबांना कळवीन": ही धमकी आहे, आणि धमकी लिहिली की ती पाळावी लागते. साहेबांकडे जाण्याची वेळ आलीच तर ती गोष्ट आधी फोनवर शांतपणे सांगता येते. पहिल्या मेलमध्ये तिचं काम नाही.

उरलं "५ तारीख म्हणजे ५ तारीख." इथे जरा थांबा, कारण या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे. ५ तारीख का, हे दादांना माहीत आहे का? डेपोत बसलेल्या माणसाला ती अकाउंट्सची कटकट वाटते. त्यांच्या मते रिटर्न ११ तारखेला भरायचं, मी यादी १० ला दिली, मग अडलं कुठे? तुमच्यासाठी उघड असलेली साखळी त्यांच्यासमोर कोणी मांडलेलीच नसते. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांना आदल्या महिन्याची विक्री दाखवणारा जीएसटीआर-१ हा ११ तारखेपर्यंत भरावा लागतो. त्यावरून १४ तारखेला ग्राहकाचा जीएसटीआर-२बी तयार होतो. आपलं बिल त्यात दिसलं नाही तर ग्राहकाला त्या बिलावर भरलेल्या कराची वजावट त्या महिन्यात घेता येत नाही, म्हणून तो जीएसटीची रक्कम रोखून धरतो. तुम्ही नंतर दुरुस्ती केलीत तरी ती त्याला पुढच्या महिन्याच्या २बी मध्येच दिसते. म्हणजे एक बिल राहिलं की ग्राहकाकडचे पैसे महिनाभर अडकतात. मेलमध्ये एवढं सगळं लिहू नका. दोन वाक्यं पुरतात, पण ती हवीतच. कारण कळलं की तारीख तुमचा हट्ट वाटत नाही.

लिहायच्या आधी दोन गोष्टी तपासा. एक, ५ तारीख ठरल्याचा मेल खरंच आहे का? बऱ्याचदा असं काहीतरी फोनवर ठरलेलं असतं, किंवा तुमच्या आधीच्या अकाउंटंटने ठरवलेलं असतं. मेल सापडला तर त्याची तारीख लिहा. नाही सापडला तर "आपलं फोनवर ५ तारखेचं बोलणं झालं होतं" एवढंच लिहा, 'ठरलं आहे' असं ठासून लिहू नका.

दुसरी गोष्ट, राहिलेली बिलं तुम्हाला तुमच्या बाजूने पकडता आली असती का? बिलांचे नंबर ओळीने असतात आणि जीएसटीआर-१ मध्ये कोणत्या नंबरपासून कोणत्या नंबरपर्यंत बिलं दिली हेही भरावं लागतं. मधलं बिल राहिलं असतं तर तुटलेला नंबर तुम्हालाही दिसायला हवा होता आणि दादांनी पहिलं उत्तर तेच दिलं असतं. तुमच्या बाबतीत ती दोन्ही शेवटची आहेत. १४६ ला यादी संपली, तर पुढे १४७ आहे हे कळायला मार्ग नाही. हे तुमच्या बाजूचं आहे, आणि त्यातूनच मागणी काय करायची तेही कळतं: यादीबरोबर महिन्याच्या शेवटच्या बिलाचा नंबर द्या. रागाच्या मेलमधून ही मागणी कधीच निघाली नसती.

आता मऊपणाबद्दल. तुम्ही म्हणता मुद्दा उरत नाही, तो मेल बहुधा असा झाला असेल: "दादा, कसे आहात? जरा यादी थोडी लवकर मिळाली असती तर बरं झालं असतं, तुमची धावपळ मी समजू शकते, गैरसमज नसावा, जमेल तसं बघा." हे वाचून दादा "हो ताई, नक्की" म्हणतील आणि विसरतील. त्यात त्यांचा दोष नाही. 'थोडी लवकर' म्हणजे ९ तारखेला दिली तरी चालते आणि 'जमेल तसं' म्हणजे नाही जमलं तरी चालतं. शांत मेलमध्ये सौम्य असायला हवा तो सूर. तारीख, रक्कम आणि मागणी यांत सौम्यपणा आणला की मेलच निकामी होतो. मी लोकांना सांगतो की विशेषणं काढा, आकडे ठेवा.

उलट बाजूचीही एक चूक आहे आणि ती मराठी कचेऱ्यांत फार होते. राग आवरायचा म्हणून माणूस सरकारी भाषेत शिरतो. "आपणांस कळविण्यात येते की, सदर यादी विहित मुदतीत प्राप्त न झाल्याने..." किंवा मराठी सोडून इंग्रजीत "प्लीज नोट" आणि "ॲज पर ट्रेलिंग मेल" सुरू होतं. लिहिणाऱ्याला ते तटस्थ वाटतं, पण वाचणाऱ्याला ती नोटीस वाटते. तुम्ही रोज त्यांना दादा म्हणता आणि तुम्ही-आम्ही करून बोलता, तर मेलमध्येही तसंच बोला. एकदम 'आपण' आलं की दादांना पहिल्या ओळीतच कळतं की काहीतरी बिनसलं आहे, आणि पुढचं सगळं ते त्याच नजरेने वाचतात. तसंच "तुम्ही काम छानच करता, पण" असं सुरू करू नका. तुमच्या ड्राफ्टमध्ये कौतुक कुठेच नव्हतं, त्यामुळे ते चिकटवलेलं दिसतं, आणि 'पण' आला की आधीचं कोणी वाचत नाही.

एवढं झाल्यावर मेल असा होतो:

विषय: ऑगस्टच्या यादीत राहिलेली दोन बिलं आणि पुढची यादी

नमस्कार दादा,

ऑगस्टची यादी मला १० सप्टेंबरला संध्याकाळी मिळाली. बिल नं. १४७ आणि १४८ तिच्यात नव्हती, त्यामुळे ती ११ तारखेच्या रिटर्नमध्ये गेली नाहीत. ग्राहकाला ती १४ तारखेला पोर्टलवर दिसली नाहीत, म्हणून त्यांनी दोन्ही बिलांवरचा जीएसटी, एकूण २७,००० रुपये, थांबवला आहे. दुरुस्ती मी करते आहे, पण ती त्यांना १४ ऑक्टोबरला दिसेल. तोपर्यंत ते पैसे सोडणार नाहीत.

याआधी जूनची यादी ९ जुलैला आणि जुलैची १० ऑगस्टला आली होती. आपलं फोनवर ५ तारखेचं बोलणं झालं होतं. ५ ला यादी आली तर बिलं पडताळायला मला पाच-सहा दिवस मिळतात. १० ला संध्याकाळी आली की ती न तपासताच भरावी लागते.

सप्टेंबरची यादी ५ ऑक्टोबरपर्यंत पाठवा. त्या दिवशी सुट्टी असेल तर आदल्या दिवशी. मेलमध्ये महिन्याच्या शेवटच्या बिलाचा नंबरही लिहा, म्हणजे एखादं बिल राहिलं तर मला लगेच कळेल. ५ तारीख जमण्यासारखी नसेल तर डेपोत काम कुठे अडतं ते मला या शुक्रवारपर्यंत सांगा, आपण त्यातून मार्ग काढू. ही दोन बिलं यादीतून कशी राहिली तेही बघून कळवा.

ग्राहकाचा फोन आला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मला ते फार अवघड गेलं. म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

हा मेल तुमच्या ड्राफ्टपेक्षा कडक आहे. तीन तारखा, दोन बिलांचे नंबर आणि एक रक्कम, यातलं काहीच दादांना टाळता येत नाही. पण चिडून उत्तर द्यावं असं एकही वाक्य त्यात नाही. शेवटच्या परिच्छेदात तुमची भावना आहे आणि ती मी मुद्दाम ठेवली आहे. ती पूर्ण काढली की मेल कोरडा होतो आणि दादांना वाटतं की हे फक्त नियम दाखवणं चाललं आहे. भावना एकदाच लिहायची, मुद्दा मांडून झाल्यावर, आणि 'मला' अशी. "तुमच्यामुळे मला" असं लिहिलंत की ती पुन्हा आरोप होते. साहेब बोलले ते मी घातलेलं नाही, कारण ते वाचून दादा स्वतःला वाचवायच्या मागे लागतील आणि यादीचा विषय बाजूला पडेल.

विषयाच्या ओळीकडेही लक्ष द्या. 'महत्त्वाचे', 'शेवटची सूचना', तीन उद्गारचिन्हं, असं काही नको. मेल कशाबद्दल आहे तेवढंच लिहा. सहा महिन्यांनी शोधताना तीच ओळ उपयोगी पडते.

पाठवायच्या आधी दोन चाचण्या करा. पहिली, मेल मोठ्याने वाचा. जिथे तुमचा आवाज आपोआप चढतो, तिथे काहीतरी राहिलेलं असतं, बहुधा एखादा 'च' किंवा 'तरीही'. "५ तारखेलाच ठरलं होतं ना" यातला 'च' आणि 'ना' काढून बघा, वाक्य किती निवतं ते. दुसरी चाचणी, दादांनी हा मेल जसाच्या तसा त्यांच्या साहेबांना पुढे पाठवला असं धरा. तुम्हाला एखादं वाक्य मागे घ्यावंसं वाटलं तर ते आत्ताच काढा.

सीसीमध्ये या वेळी कोणीही नको. तिन्ही महिने उशीर झाला असला तरी तुम्ही लेखी, आकड्यांसह सांगताय ते पहिल्यांदा. पहिल्याच मेलला वरच्यांना जोडलं की दादा तुम्हाला उत्तर देत नाहीत, त्यांना देतात. आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर यातलं एक अक्षरही नको. तिथे चार लोक अंगठा दाखवतात आणि ज्याला सांगायचं तो गप्प बसतो.

शक्य असेल तर मेल पाठवायच्या आधी फोन करा. डेपोत दुपारच्या जेवणानंतर गाड्यांची गडबड कमी असेल ती वेळ बघा. एवढंच सांगा: "दादा, ऑगस्टची दोन बिलं राहिली आहेत, ग्राहकाने पैसे अडवले आहेत. तपशील मेलवर टाकते, एकदा बघून घ्या." म्हणजे मेल अंगावर येत नाही. फोनवर दादांनी काही कारण सांगितलं, समजा महिनाअखेरीची बिलं दुसराच माणूस करतो, तर ते मेलमध्ये घाला आणि मागणी त्याप्रमाणे बदला.

उत्तर आलं की ते कशाबद्दल आहे हे बघा. दादा तुमच्या सुराबद्दल लिहित असतील, "एवढं चिडायचं काय कारण," तर कुठेतरी आरोप शिल्लक राहिला आहे. ते वाक्य शोधा, वाद घालू नका, आणि फक्त मागणी पुन्हा लिहा. उत्तर "ओके, नोटेड" असेल तर अजून काहीच ठरलेलं नाही असं समजा. एकच ओळ परत पाठवा: "म्हणजे ५ तारखेला यादी आणि शेवटचा नंबर, बरोबर ना?" त्यावर 'हो' आलं की काम झालं. दादांनी ५ ऐवजी ७ तारीख सुचवली, तर पडताळणी चार दिवसांत होते का ते प्रामाणिकपणे बघा. होत असेल तर ७ घ्या आणि तीच लेखी ठरवा. तुम्हाला वेळेवर यादी हवी आहे, ५ हा आकडा नव्हे.

हे सगळं कामातल्या चुकीसाठी आहे. कोणी शिवीगाळ करत असेल, धमकावत असेल किंवा बिलं खरोखरच लपवत असल्याचा पुरावा तुमच्या हाती असेल, तर त्या माणसाला समजुतीचा मेल लिहू नका. तारीखवार नोंद ठेवा आणि थेट वरिष्ठांकडे किंवा एचआरकडे जा. लैंगिक छळाचा प्रकार असेल तर २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत त्यासाठी अंतर्गत समिती असावी लागते, तक्रार तिथे लेखी द्यायची; कंपनी त्याहून लहान असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे.

आणि ५ ऑक्टोबरला संध्याकाळपर्यंत यादी आली नाही, तर नवा मेल लिहायला बसू नका. याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळी टाका: "दादा, सप्टेंबरची यादी अजून आली नाही. उद्या दुपारी १२ पर्यंत पाठवा, नाहीतर मला साहेबांशी बोलून काय करायचं ते ठरवावं लागेल." आणि बारा वाजून गेले तर खरंच साहेबांकडे जा, हीच मेलची साखळी त्यांना दाखवा, आणि साहेबांशी बोलल्याचं दादांना त्याच दिवशी स्वतः कळवा.